दुखायचं थांबलं त्या दुपारी

कडूबाईला मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही, आणि रडतानाही नाही. आमचं दुकान तिच्या दारासमोर. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून सकाळी उंबरा धुताना पहिलं तोंड दिसायचं ते तिचंच. अंगणात ती कोणाच्या तरी पोटावर वाकलेली असायची.

बेंबी बसवायची तिची हातोटी होती. कोणाला मुरडा झाला, जड ओझं उचलून पोट ओढल्यागत वाटलं, हगवण थांबेना, की लोक म्हणायचे, बेंबी सरकली, कडूबाईकडे जा. उपाशीपोटी यायचं, उताणं पडायचं. ती अंगठा बेंबीवर टेकवून डोळे मिटायची. आतला ठोका अंगठ्याखाली लागला तर बेंबी जागेवर, बाजूला लागला तर सरकलेली. मग गोडं तेल लावून हलकं हलकं चोळत आणायची. मी तिला एकदा विचारलं, "कडूबाई, खरंच सरकती का हो?" ती म्हणाली, "मला ठाव न्हाई. माझ्या सासूनं शिकवलं. लोकाला बरं वाटतं." तिच्या बोलण्यात असं कधी जास्तीचं काही नसायचं.

तिचा नवरा सुंदरराव तलावाखालची जमीन करायचा. एकुलता मुलगा बंकट. त्यानं शेतात लक्ष घातलं नाही. नुकत्याच रस्त्यावर काळ्यापिवळ्या जीप धावायला लागल्या होत्या, त्यातली एक घेऊन तो लिंबागणेश ते बीड माणसं वाहायचा. आमच्याकडे दुकानाच्या कोपऱ्यात माझ्या नवऱ्यानं, राजेश्वरनं, एसटीडीचा डबा बसवला तोही त्याच सुमारास. गावात टीव्हीची केबलही आली होती.

बंकटचं लग्न झालं आणि वैष्णवी घरात आली. गेवराईकडची. माझ्याच वयाची, तोंडानं भारी. सासूच्या न बोलण्याला ती पहिले काही महिने घाबरली, मग तिला बोलतं करायचा नादच तिनं सोडला आणि दोघींच्या वाटचं आपणच बोलायला लागली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती आमच्या ओट्यावर यायची.

त्या दिवशी मात्र ती सकाळीच आली, आणि गप्प. लग्नसराई होती. बंकट वऱ्हाड घेऊन गेवराईच्या पुढं गेला होता, दुसऱ्या दिवशी यायचा होता.

"रुद्राणी, पोट दुखतंय," ती म्हणाली.

"कुठं?"

तिनं बेंबीभोवती हात फिरवला. "हितंच. मुरडल्यावानी. भाकरी थापायला बसलते, पण भाकरीचा वासच नको झाला."

मी चहा पुढं केला, तिनं परत सारला. तिला चहा नको म्हणताना मी पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळानं उठून ती गटारीपाशी गेली आणि ओकली.

तेवढं सारजाबाईनं पाहिलं. सारजाबाई म्हणजे कडूबाईची धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. ती लगबगीनं आली, वैष्णवीच्या पाठीवरून हात फिरवला, कानाशी लागून काही विचारलं. वैष्णवीनं मान डोलावली. तिची पाळी पाच-सहा दिवस पुढं गेली होती.

"बाई!" सारजाबाईनं अंगणातून हाक मारली. "अवो बाई, या की भाईर! पेढे आणायला लावा भाऊजीला!"

कडूबाई बाहेर आली. सून ओट्याच्या कडेला पोट धरून बसलेली. तिनं तिला आत नेऊन घोंगडीवर निजवलं. मी पण गेले. कडूबाईनं अंगठा टेकवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच बसली.

"जागंवर हाय," ती म्हणाली.

"असणारच की," सारजाबाई म्हणाली. "ते येगळंच दुखणं हाय. आता चोळू नका, बाई. एरंडेल न्हाई, काढा न्हाई. पडून ऱ्हाऊ द्या पोरीला."

सुंदरराव रानातून आला तेव्हा त्याला बातमी कळली. त्यानं हातपाय उगीच दोनदा धुतले. घरात आनंद शिरला होता. वैष्णवीही ओकाऱ्या सोसत अधूनमधून हसत होती.

दुपार उतरली तशी मी पुन्हा गेले. वैष्णवी कुशीवर निजलेली, उजवा पाय पोटाशी ओढून घेतलेला. अंगाला कढ होता, फार नाही.

"अजून बेंबीपाशीच का?" मी विचारलं.

"न्हाई. आता खाली गेलंय. हितं." तिनं उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आत, खाली बोट ठेवलं. "आधी मुरडा यायचा-जायचा. आता एकाच जागी सलतंय. खोकलं की कळ येती."

कडूबाई माझ्या मागे उभी होती. ती खाली बसली. सुनेनं दाखवलेल्या जागी तिनं चार बोटं हलकेच दाबली. वैष्णवीनं दात आवळले. मग कडूबाईनं हात एकदम उचलला, आणि वैष्णवी किंचाळली. दाबताना नाही, सोडताना.

"पाय सरळ कर बरं."

"व्हत न्हाई, आत्याबाई."

कडूबाई उठून बाहेर आली. सुंदरराव ओट्यावर होता, सारजाबाई तांदूळ निवडत होती.

"दवाखान्यात न्यायला पायजे," कडूबाई म्हणाली.

सुंदररावानं वर पाहिलं. "कावून?"

"दुखणं हाललंय. बेंबीवरून उजवीकडं खाली गेलंय. ताप हाय."

"बाई, असं काय करता?" सारजाबाईनं सूप खाली ठेवलं. "पहिलटकरीण हाय. जीपचे धक्के बसले आन् पडलं-बिडलं तर? पाळी लांबलीया, वकतीया, अजून काय पायजे? दुखतं थोडं. मला तर तीन म्हैने दुखलं."

"बंकट येऊ दे सकाळी," सुंदरराव म्हणाला. "त्याच्याच गाडीत हळूहळू नेऊ. दुसऱ्याच्या गाडीत कोंबून कशाला न्यायची?"

मी राजेश्वरला सांगून फोन करून दुसरी जीप बोलावते, असं म्हणाले. सुंदररावानं मान हलवली, नको. कडूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला वाटलं ती आणखी काही बोलेल. पण ती आत जाऊन सुनेच्या उशाशी बसली. तिचा चेहरा वाचता यायचा नाही, तेव्हाही आला नाही.

रात्र तशीच गेली. सकाळी वैष्णवीचे ओठ कोरडे पडले होते, डोळे आत गेले होते, पण दुखण्याची जागा तीच. पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं. बंकटचा पत्ता नव्हता. वऱ्हाडाला उशीर झाला असेल असं सगळे म्हणत होते.

दुपारी मी भाजी टाकून गेले तर घरात हसण्याचा आवाज. वैष्णवी भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेला.

"थांबलं, रुद्राणी," ती म्हणाली. "दुखायचं थांबलं. एकदम. कुणी काढून घेतल्यावानी."

सारजाबाईनं देवापुढं नारळ ठेवला होता. सुंदरराव उंबऱ्यात उभा, चेहरा सैल झालेला. तेवढ्यात दारात जीप थांबली. बंकट आला, धुळीनं माखलेला. त्याला उंबऱ्यातच सगळं सांगितलं, आधी पेढ्यांचं, मग दुखण्याचं, मग थांबल्याचं. तो बायकोकडे बघून हसला. तीही हसली. "आता काय घाई न्हाई," तो म्हणाला. "अंग धुतो, जेवतो, उद्या सकाळी निवांत दाखवून आणतो बीडाला."

कडूबाई परसात होती. ती आली. सुनेजवळ बसली, तिला आडवं केलं आणि तळहात पोटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग मनगट धरलं. मग पुन्हा पोटावर हात.

"श्वास घे," ती म्हणाली.

वैष्णवीनं श्वास घेतला. छाती हलली. पोट हललं नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाटासारखं घट्ट होतं ते, आणि श्वास वरच्या वर.

"बंकट, गाडी काढ."

"अगं माय, आत्ताच आलोय. आन् थांबलंय की आता."

"थांबलं म्हणूनच काढ."

सारजाबाई मध्ये पडली. "बाई, देवानं ऐकलं तुमचं, आन् तुमी..."

"सारजे, बाजूला व्हय." आवाज चढला नव्हता. पाणी दे म्हणावं तसं ती म्हणाली. "बरं झालेल्या माणसाचं पोट मऊ असतंय. हिचं लाकूड झालंय. नाडी पळतीया."

सुंदरराव म्हणाला, "तू काय डाक्टर हायस का?"

"न्हाई. म्हणून तर न्यायचीय."

कोणी हललं नाही. तेव्हा तिनं स्वतः वैष्णवीच्या काखेत हात घातला. तिला उचलताना वैष्णवीच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून बंकट भानावर आला. त्यानं मागचं सीट मोकळं केलं, घोंगडी अंथरली. मी राजेश्वरला हाक मारून सांगितलं, मी जाते. त्यानं आमच्या दुकानातली गादी आणून दिली.

मी वैष्णवीचे पाय मांडीवर घेतले, कडूबाईनं डोकं. सुंदरराव पुढं बसला. रस्त्यात खड्डे होतेच. पहिले काही खड्डे वैष्णवीनं सोसले. लिंबागणेश यायच्या आधी कळा परत सुरू झाल्या. आता त्या उजव्या बाजूला नव्हत्या, सगळ्या पोटात होत्या. प्रत्येक धक्क्याला ती आक्रसायची. देवळाच्या वळणावर बंकट नेहमी गाडी उभी करून पाया पडायचा. त्या दिवशी स्टिअरिंगवरचा एक हात छातीशी नेला, तेवढंच.

"माय," तो आरशात न बघता म्हणाला, "तुला कसं कळलं?"

कडूबाईनं सुनेच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "माझा भाऊ. माझ्याहून ल्हान. असंच बेंबीपाशी दुखलं, मग उजवीकडं. लोळायचा नुसता. मग थांबलं. आमी म्हणलं बरा झाला. आईनं मऊ भात खाऊ घातला त्याला. दुसऱ्या सांजेला गेला."

सुंदरराव मागे वळला. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यानं ऐकलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"मग हे काल कावून न्हाई सांगितलंस?"

"कुणी ऐकलं असतं?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आन् मला वाटलं, आपण इसरलोय. त्या वक्ताला पण मला काईच वाटलं नव्हतं. नुसता माझा हात गार पडलता."

बीडच्या सरकारी दवाखान्यात सर्जन जागेवर होते ही नशिबाची गोष्ट. कपाळ पुढं आलेलं, चष्म्याच्या काचा जाड, बोलणं तुटक. त्यांनी पहिला प्रश्न वैष्णवीलाच विचारला. "दुखायला सुरुवात कुठं झाली?"

"बेंबीपाशी."

"मग?"

तिनं उजवीकडं बोट दाखवलं.

"आणि मधे थांबलं का कधी?"

"दुपारी. एकदम."

त्यांनी पोटावर हात ठेवला आणि नर्सला काहीतरी भराभर सांगितलं. सलाईन लागलं, नाकातून नळी गेली, रक्त घेतलं, लघवी तपासायला नेली. सुंदरराव चाचरत म्हणाला, "साहेब, पोरगी पोटुशी हाय. संभाळून..."

लघवीची तपासणी आली तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गर्भ नाही. अपेंडिक्स आहे, आणि फुटलंय. आत्ता उघडावं लागेल."

बंकटला काही कळेना. डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून सांगितलं, उभ्या उभ्या. मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं करंगळीएवढं शेपूट असतं. त्याचं तोंड बंद झालं की ते आतून सुजतं. त्याच्या नसा पोटाच्या मधल्या भागाशी जोडलेल्या, म्हणून आधी बेंबीभोवती दुखतं, मळमळतं, भूक जाते. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग नेमकं तिथंच दुखतं, उजवीकडं खाली. "तेव्हा आणायला हवं होतं. छोटा काप, आठवड्याच्या आत घरी. वाट बघत राहिलं की ते सडतं आणि फुटतं. फुटलं की ताण जातो, म्हणून दुखणं एकदम कमी होतं. लोक म्हणतात, बरं झालं. आणि पू सगळ्या पोटात पसरतो."

"सकाळी आणायची का, असं चाललं हुतं," बंकट म्हणाला.

"सकाळी माझ्या हातात काही राहिलं नसतं, असं मी म्हणत नाही. पण मी हमी दिली नसती. आत्ताही देत नाही. सही करा."

बंकटनं सही केली. रक्त लागलं तर म्हणून त्याचं रक्त तपासलं. वैष्णवीला ढकलगाडीवरून नेताना तिनं माझा हात धरून विचारलं, "मग लेकरू न्हाईच का?" मी नाही म्हणून मान हलवली. ती छताकडे बघत राहिली. रडलीही नाही. मला वाटतं त्या दिवशी आमच्या सगळ्यांतलंच काहीतरी बधिर झालं होतं.

व्हरांड्यात फरशीवर कडूबाई पाय दुमडून बसली. सुंदरराव येरझाऱ्या घालत होता, बंकट भिंतीवर डोकं टेकून उभा. ती मात्र समोरच्या भिंतीवरच्या पाणी झिरपलेल्या डागाकडे बघत होती. मी चहा आणला. तिनं घेतला, प्याली, बशी धुऊन ठेवली. बाहेर अंधारून आलं, दिवे लागले, कोणाचं तरी तान्हं पलीकडच्या वॉर्डात रडत होतं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. पोट मधून उघडावं लागलं, पू भरपूर होता, धुऊन काढला, बाजूनं एक नळी ठेवलीय. पुढचे दिवस जपायचे, पण निभावेल असं वाटतं. बंकट हुंदके देऊन रडला. सुंदररावानं डॉक्टरांचे पाय धरायला हात पुढं केला, ते मागं सरले.

कडूबाई म्हणाली, "बरं."

तेवढंच. मग तांब्या घेऊन पाणी भरायला गेली.

वैष्णवी लवकर सुटली नाही. जखमेत पू झाला, टाके काढून ती उघडी ठेवावी लागली, रोज पट्टी. नळी निघेपर्यंत तिला कुशीवर वळता येत नव्हतं. सुरुवातीला तोंडानं पाणीसुद्धा नाही, नुसत्या ओठांना ओला बोळा. तिथंच तिची पाळी आली. सारजाबाई भेटायला आली तेव्हा पलंगाच्या दांड्याला धरून ढसाढसा रडली. "माज्यामुळं झालं, बाई." कडूबाईनं तिला खाली बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "तुज्यामुळं न्हाई. समद्यांला पेढे पायजे हुते." समजूत घालत होती की नुसतं असलेलं सांगत होती, कोण जाणे.

घरी आल्यावर वैष्णवी निम्मी झाली होती. बोलणंही निम्मं. हळूहळू मांस भरलं. पुढं दोनेक वर्षांनी तिला मुलगी झाली, तेव्हा घरात पुन्हा पेढे आले. पण ते वाटताना कोणी आवाज केला नाही.

कडूबाईकडे लोक येतच राहिले. तिनं बंद केलं नाही. फक्त निजवायच्या आधी ती विचारायला लागली. कुठं सुरू झालं, आता कुठं हाय, ताप हाय का, भूक लागती का. दुखणं हाललेलं असलं की हात लावायची नाही. "बीडाला जा," म्हणायची आणि बंकटला हाक मारायची. वरच्या आळीचा बबनराव असाच आला होता, उजवीकडं दुखतंय म्हणून. गेला, तपासून आला. नुसता गॅस निघाला. परत येऊन तो दारात उभा राहून सगळ्यांदेखत बोलला, उगीच पळवलं, दिवस वाया गेला. कडूबाईनं ऐकून घेतलं. "बरं झालं, गॅस निघाला," म्हणाली आणि शेण काढायला गेली. दुसऱ्या एकीला नेली तर तिचं खरंच अपेंडिक्स होतं, न फुटलेलं. तिची माणसं खण-नारळ घेऊन आली. तेव्हाही कडूबाईचं तोंड तसंच, जसं बबनरावापुढं होतं.

एकदा मी आणि वैष्णवी त्यांच्या रानात कापूस वेचत होतो, कडूबाई आमच्या पुढं. वैष्णवीची पोर बांधावर झाडाखाली निजलेली. वैष्णवीनं अचानक विचारलं, "आत्याबाई, त्या दिशी तुमाला भ्या वाटलं हुतं का?"

कडूबाईचे हात चालत राहिले. "न्हाई."

"मग काय वाटलं?"

"काईच न्हाई." ती थोडी थांबली. "लोकं म्हणत्यात माझ्यात काळीज न्हाई. आसंल. भाऊ गेला तवापासून आसंच हाय. तू वाचलीस तवा मला वाटलं, आता येईल रडू. न्हाई आलं."

"आन् आता?"

"न्हाई."

वैष्णवीनं ओटीतला कापूस पोत्यात रिता केला, पदर खोचला आणि सासूच्या शेजारची सरी धरली. दोघी एका ओळीत पुढं जात राहिल्या, मी मागं पडले.